आज रद्द करा, महिनाभर वापरा

मोबाइलवर ‘Start free trial’ हे बटण दाबल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात आपण दोन वेगवेगळे करार करतो. पहिला करार सेवा देणाऱ्या कंपनीशी होतो: इतके दिवस फुकट, त्यानंतर इतके पैसे. दुसरा होतो आपल्या बँकेशी: ही कंपनी मागेल तेव्हा माझ्या खात्यातून पैसे द्या, मला दर वेळी विचारू नका. या दुसऱ्या कराराला बँकेच्या भाषेत मँडेट म्हणतात, यूपीआयवर त्याचं नाव ऑटोपे. फ्री ट्रायल संपल्यावर नको असताना पैसे कापले गेले, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी यातला एकच करार लक्षात ठेवलेला असतो. कुणी ॲप काढून टाकतं आणि दोन्ही करार तसेच राहतात. कुणी बँकेकडचं मँडेट बंद करतं आणि ट्रायलही त्याच क्षणी गमावून बसतं. कुणी शेवटच्या दिवशी संध्याकाळी रद्द करायला बसतं, तोवर सकाळीच पैसे गेलेले असतात.

ऑटोपेचा तो पडदा आपण यूपीआय पिन टाकण्याच्या घाईत वाचत नाही, पण तिथे कामाच्या चार गोष्टी असतात. रक्कम, किती वेळाने कापणार, कधीपासून आणि कधीपर्यंत. रकमेच्या जागी बरेचदा नेमका आकडा नसून ‘upto’ म्हणजे कमाल मर्यादा लिहिलेली असते, आणि ती मर्यादा ट्रायलनंतरच्या किमतीपेक्षा पुष्कळ मोठी असू शकते. ‘कधीपर्यंत’ या जागी दहा-वीस वर्षांनंतरची तारीख दिसली तर दचकू नका, ती मँडेटची मुदत असते, ट्रायलची नव्हे. मात्र त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा: आपण स्वतः थांबवलं नाही, तर हे आपोआप थांबणार नाही. सुरुवातीला एक-दोन रुपये कापून परत येतात, ती खातं चालू आहे की नाही याची पडताळणी असते. या पडद्याचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवावा. पुढे काही वाद झालाच, तर कोणत्या दिवशी, किती वाजता, कशाला संमती दिली याचा तोच पुरावा असतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे सर्वसाधारण समज असा आहे की रद्द केलं की सेवा बंद. म्हणून महिनाभर फुकट वापरायचं असेल तर रद्द करायला महिन्याच्या शेवटापर्यंत थांबावं लागेल, असं लोकांना वाटतं. थांबण्यातच सगळा धोका आहे, आणि बहुतेक ठिकाणी थांबायची गरजच नसते. गूगल प्लेवरून घेतलेलं सबस्क्रिप्शन ट्रायलच्या काळात रद्द केलं, तरी ट्रायलच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते चालू राहतं. यूट्यूब प्रीमियमचंही तसंच. आयफोनवर इतर कंपन्यांच्या ॲपचं सबस्क्रिप्शन ॲपलच्या सेटिंगमधून रद्द करताना, अमुक तारखेपर्यंत तुम्हाला ते वापरता येईल, असं शेवटच्या पडद्यावर साधारणपणे लिहिलेलं असतं. म्हणजे या सगळ्या ठिकाणी रद्द करणं याचा खरा अर्थ ‘पुढच्या वेळी नूतनीकरण करू नका’ एवढाच आहे. चालू मुदतीला हात लागत नाही.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की जिथे हा नियम लागू आहे, तिथे ट्रायल सुरू केल्यावर त्याच बैठकीत रद्द करून टाकावं. पहिल्या दिवशी रद्द केलं काय आणि शेवटच्या दिवशी केलं काय, मिळणारे दिवस तेवढेच. फरक फक्त विसरण्याच्या शक्यतेत पडतो. सेवा आवडलीच, तर मुदत संपायच्या आत त्याच पानावर ‘Resubscribe’ किंवा ‘Restore’ असं बटण असतं; ते दाबलं की सगळं पूर्ववत. एकच काळजी घ्यायची. ट्रायलनंतर पहिले काही महिने सवलतीत अशी ऑफर असेल, तर रद्द केल्यावर ती सवलत परत मिळेलच असं नाही. ती सवलत खरोखर हवी असेल, तर मात्र घाई करू नये.

अपवाद कुठे आहेत ते आता बघू, कारण तारखेचा हिशोब ठेवण्याची वेळ खरी तिथेच येते. सगळ्यात ठळक अपवाद ॲपलच्या स्वतःच्या सेवांचा. ॲपल म्युझिकसारख्या सेवेची फ्री ट्रायल मध्येच रद्द केली तर सेवा ताबडतोब बंद होऊ शकते, असं कंपनी स्वतःच सांगते. नवीन आयफोन घेतल्यावर तीन महिने फुकट मिळालेली सेवा कुणी दुसऱ्या दिवशी शहाणपणाने रद्द करतं आणि उरलेले दिवस हातचे जातात. दुसरा अपवाद थेट वेबसाइटवरून घेतलेल्या ट्रायलचा. तिथे प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअर मध्ये नसतं, त्यामुळे नियम त्या कंपनीचा असतो. फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर, परदेशी वर्तमानपत्र, डिझाइनची साधनं, नोकरी शोधण्याची संकेतस्थळं असा हा पसारा मोठा आहे. यातल्या काही ठिकाणी मुदतीच्या शेवटी बंद होण्याची सोय असते, काही ठिकाणी लगेच दार बंद होतं.

बटण दाबायच्या आधीच हे ओळखता येतं. रद्द करण्याच्या वाटेवर शेवटचा जो पडदा येतो, तो शब्द न् शब्द वाचायचा. तिथे पुढची तारीख दिसत असेल, ‘until’ हा शब्द आणि त्यापुढे दिवस-महिना, तर निर्धास्त पुढे जा. तारीख कुठेच नसेल, ‘immediately’ किंवा ‘Cancel now’ असं काही असेल, ‘तुमचे फायदे संपतील’ एवढंच लिहिलं असेल, तर तिथून मागे फिरा. या पडद्यापर्यंत जाऊन परत यायला काही लागत नाही. शेवटचं बटण दाबेपर्यंत काहीही रद्द झालेलं नसतं. ट्रायल सुरू केल्या दिवशीच हा फेरफटका मारून यावा. त्यातून दोन गोष्टी कळतात: रद्द करण्याची वाट कुठे आहे, आणि आज रद्द करता येईल की थांबावं लागेल.

थांबावं लागणार असेल तर शेवटची तारीख कोणती, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. समजा, साताऱ्यातल्या एका शिक्षिकेने इंग्रजी संभाषण शिकण्याच्या ॲपची सात दिवसांची ट्रायल आयफोनवर घेतली. ट्रायलनंतर वर्षाची वर्गणी १,४९९ रुपये. गुरुवार, ५ मार्च २०२६ रोजी रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी तिने होकार दिला. सेवा कधी संपेल? आपल्या नेहमीच्या मोजणीत गुरुवार हा पहिला दिवस, म्हणून सातवा दिवस बुधवार, ११ मार्च. पण बऱ्याच कंपन्या दिवस न मोजता तास मोजतात. त्या हिशोबाने सात दिवस गुरुवारी, १२ मार्चला रात्री ८.४० ला भरतात. एकाच ट्रायलच्या दोन मोजण्यांत जवळजवळ एका दिवसाचं अंतर पडलं. खरी तारीख कोणती हे ठरवण्याचा अधिकार आपल्या बोटांवरच्या मोजणीला नाही. सबस्क्रिप्शनच्या पानावर ‘Renews’ किंवा ‘Next payment’ यापुढे जी तारीख छापलेली असते तीच खरी. सगळ्यात आधी ती बघायची.

या बाईंच्या पानावर १२ मार्च लिहिलं आहे असं धरू. मग त्यांनी १२ तारखेला संध्याकाळी रद्द करावं का? नाही. ॲपलची सूचना स्पष्ट आहे: ट्रायल पुढे चालू ठेवायची नसेल तर ती संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करा. नूतनीकरणाचे पैसे मुदत संपण्याच्या आधीच्या २४ तासांत केव्हाही घेतले जाऊ शकतात. म्हणजे १२ मार्च रात्री ८.४० मधून एक पूर्ण दिवस वजा, उरली ११ मार्चची रात्र ८.४०. ही झाली अगदी टोकाची वेळ. त्या संध्याकाळी शाळेत पालकसभा लांबली, वीज गेली, ॲपल आयडीचा पासवर्ड आठवेना, असं काहीही होऊ शकतं. म्हणून आणखी एक दिवस हाताशी ठेवून या बाईंनी मंगळवारी, १० मार्चला रात्री जेवण झाल्यावर रद्द करावं. ॲप दुसऱ्या कंपनीचं असल्यामुळे ते १२ तारखेपर्यंत चालू राहीलच. आणि ते ॲपलच्या स्वतःच्या सेवेचं ट्रायल असतं, तर सुरक्षिततेसाठी शेवटचे दोन दिवस सोडून द्यावे लागले असते. १,४९९ रुपयांच्या बदल्यात दोन दिवस, हा सौदा मला वाजवी वाटतो.

अँड्रॉइडवर आणि थेट वेबसाइटवर २४ तासांची अट बहुधा नसते, पण पैसे कापण्याची वेळ आपल्या हातात नसते. ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय ऑटोपेचे व्यवहार गर्दीच्या वेळा टाळून होतात: सकाळी दहाच्या आधी, दुपारी एक ते पाच, आणि रात्री साडेनऊनंतर. म्हणजे शेवटच्या दिवशी आपण चहा घेत असतानाच पैसे गेलेले असू शकतात. ‘शेवटच्या दिवशी रात्री करू’ हा बेत म्हणूनच कुठेच चालत नाही.

महिन्याच्या ट्रायलमध्ये आणखी एक गुंता असतो. ‘एक महिना’ आणि ‘३० दिवस’ हे सारखे नाहीत. ३१ जानेवारीला सुरू झालेला ‘एक महिना’ साधारणपणे २८ फेब्रुवारीला संपतो, कारण फेब्रुवारीत ३१ तारीखच नाही. तेच ‘३० दिवस’ असतील तर २ मार्च उजाडतो. ३० नोव्हेंबरला घेतलेले तीन महिनेही असेच २८ फेब्रुवारीला येऊन थांबतात. सुट्ट्यांच्या दिवसांत ट्रायल घेणाऱ्यांना महिनाअखेरचा हा फरक हमखास चकवतो.

परदेशी सेवेच्या बाबतीत घड्याळही परकं असू शकतं. कॅलिफोर्नियातल्या कंपनीने तिथल्या वेळेनुसार १२ मार्चची मध्यरात्र धरली, तर आपल्याकडे १२ तारखेचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. जागतिक प्रमाणवेळ धरली, तर सकाळचे साडेपाच. हा फरक आपल्याला थोडी सवलत देतो. उलट कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी माणसाने भारतातली मराठी मालिका-नाटकांची सेवा ट्रायलवर घेतली, तर इथली १२ मार्चची मध्यरात्र त्याच्याकडे ११ तारखेला सकाळी साडेअकरालाच होते. त्याने एक दिवस आधीचीच तारीख लिहून ठेवावी.

तारीख कळली की ती कुठे लिहायची? मनात तर नाहीच. फोनच्या कॅलेंडरमध्ये एकच नोंद पुरत नाही, असं माझं निरीक्षण आहे. आठवण येते तेव्हा आपण गाडी चालवत असतो किंवा स्वयंपाकात असतो, बोट सरकवून ती घालवतो, आणि मग ती पुन्हा येत नाही. म्हणून दोन नोंदी कराव्यात. पहिली संपण्याच्या तीन दिवस आधीची, दुसरी रद्द करण्याच्या ठरलेल्या दिवसाची, आणि दोन्ही आपण घरी निवांत असतो त्या वेळेच्या. नोंदीत नुसतं ‘ट्रायल रद्द’ असं लिहू नये. सेवेचं नाव, कोणत्या ईमेलवरून घेतली, कुठून घेतली (प्ले स्टोअर, ॲप स्टोअर की वेबसाइट), पैसे कुठल्या यूपीआय ॲपमधून किंवा कार्डातून जाणार आणि किती, एवढं सगळं त्याच नोंदीत असावं. तीन महिन्यांनी आपल्याला यातलं काहीच आठवत नसतं. घरात एकाच फोनवर दोघा-तिघांची गूगल खाती असतील तर ईमेलची नोंद फारच उपयोगी पडते, कारण चुकीच्या खात्यात जाऊन बघितलं तर सबस्क्रिप्शनची यादी रिकामी दिसते आणि आपण ‘काही नाहीच’ असं समजून निश्चिंत होतो.

आपण विसरलोच, तरी भारतात एक सोय आहे आणि ती पुष्कळांना माहीत नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला मिळायलाच हवी. कार्डासाठीचं पहिलं परिपत्रक ऑगस्ट २०१९ चं, पुढे ते यूपीआयलाही लागू झालं आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली. या सूचनेत कोण पैसे घेणार, किती, कधी हे असतं, आणि तो व्यवहार किंवा सगळं मँडेटच नाकारण्याची सोयही द्यावी लागते. पैसे कापताना ओटीपी मागितला जात नाही, कारण सर्वसाधारण सबस्क्रिप्शनसाठी १५,००० रुपयांपर्यंत त्याची गरज ठेवलेली नाही. म्हणून ही २४ तासांची सूचना हाच शेवटचा अडसर. पण ती बँकेच्या जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवते, आणि तिच्यात ॲपचं ओळखीचं नाव असेलच असं नाही. कंपनीचं नोंदणीकृत नाव किंवा मधल्या पेमेंट कंपनीचं नाव असतं. अनोळखी नावाची ‘उद्या इतके रुपये कापले जातील’ अशी सूचना आली, तर तिला फसवणूक समजून पुसून टाकण्याआधी रकमेकडे बघा. १,४९९ हा आकडा ओळखीचा वाटेल. फक्त अशा मेसेजमधल्या लिंकवर टिचकी मारू नका. स्वतःचं यूपीआय ॲप किंवा बँकेचं ॲप उघडून तिथेच तपासा.

साताऱ्याच्या बाईंच्या बाबतीत मात्र या सूचनेवर विसंबून भागणार नाही. सूचना ११ तारखेला संध्याकाळी आली, तर ॲपलची २४ तासांची हद्द तोवर उलटून गेलेली असू शकते. या सूचनेकडे राखीव आधार म्हणून बघावं, नियोजन तिच्यावर बेतू नये.

आता प्रत्यक्ष रद्द करणं. नियम असा: जिथून घेतलं तिथूनच रद्द करायचं. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या आपल्या फोटोवर टिचकी, मग ‘Payments & subscriptions’, मग ‘Subscriptions’, त्यातली ती सेवा, आणि ‘Cancel subscription’. आयफोनवर सेटिंग उघडून सगळ्यात वर आपलं नाव, त्यात ‘Subscriptions’. वेबसाइटवरून घेतलं असेल तर त्या वेबसाइटवरच्या खात्याच्या पानावर, ‘Billing’ किंवा ‘Membership’ अशा नावाखाली. ॲप फोनमधून काढून टाकल्याने काहीही रद्द होत नाही. गूगल आणि ॲपल दोघांच्या यादीत ते सबस्क्रिप्शन तसंच जिवंत राहतं आणि वेळेवर पैसे घेतं.

वाट कधी कधी मुद्दाम लांब केलेली असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनविरुद्ध जो दावा दाखल केला, त्यात असं म्हटलं होतं की प्राइमची सभासदत्व रद्द करण्याची प्रक्रिया चार पानांची, सहा टिचक्यांची आणि पंधरा पर्यायांची होती, आणि कंपनीच्या आत तिला ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याचं नाव दिलेलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने २५० कोटी डॉलर देऊन हे प्रकरण मिटवलं. त्यातले १५० कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी होते. आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट ही, की पहिल्या ‘Cancel’ ला काम संपलं असं समजू नये. मध्ये ‘तुम्ही काय काय गमावाल’ ची यादी येते, अर्ध्या किमतीचा देकार येतो, ‘नंतर आठवण करून द्या’ किंवा ‘थोडे दिवस थांबवा’ असे पर्याय येतात. ‘Pause’ दाबलं तर सबस्क्रिप्शन फक्त पुढे ढकललं जातं, मग पैसे पुन्हा सुरू होतात. ठळक रंगाचं मोठं बटण बरेचदा ‘सभासद राहा’ असं सांगणारं असतं आणि रद्द करण्याचा दुवा त्याखाली फिक्या अक्षरांत असतो.

काम झालं हे तीन खुणांनी कळतं. सबस्क्रिप्शनच्या पानावर ‘Renews’ च्या जागी ‘Expires’ किंवा ‘Ends on’ आणि तारीख येते. रद्द करण्याचं बटण नाहीसं होऊन पुन्हा सुरू करण्याचं बटण दिसतं. आणि ईमेलवर पुष्टी येते. यातल्या पहिल्या खुणेचा स्क्रीनशॉट घ्या, ईमेल पुसू नका. ईमेल आली नाही तर काम अर्धवट राहिलंय असं धरून पुन्हा जाऊन बघा.

यानंतर दुसरा करार, बँकेकडचं मँडेट. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी कंपनीकडे रद्द, मग मँडेट. उलटं केलं तर दोन गोष्टी बिघडतात. मँडेट बंद झाल्याचा निरोप कंपनीला जातो आणि काही सेवा तेवढ्यावरून ट्रायल लगेच बंद करतात. शेवटच्या दिवसापर्यंतचा लाभ हवा असेल तर हे परवडणारं नाही. शिवाय मँडेट गेलं तरी सबस्क्रिप्शन जिवंतच असतं. गूगल प्लेच्या खात्यात दुसरं कार्ड किंवा शिल्लक असेल तर पैसे तिथून घेतले जाऊ शकतात. म्हणून कंपनीकडे रद्द केल्याची पुष्टी झाल्यावर, ट्रायलच्या मुदतीनंतर किंवा अगदी शेवटी, यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइलच्या पानावर ‘Autopay’ उघडून बघावं. मँडेट आपोआप गेलं असेल तर उत्तम. नसेल तर ते तिथूनच काढून टाकावं, यूपीआय पिन लागतो. मँडेट ज्या ॲपमधून दिलं त्याच ॲपमध्ये आधी शोधा. फोनपेवर दिलेलं गूगल पेमध्ये शोधत बसलात तर सापडेलच असं नाही. कार्डावर दिलेलं मँडेट बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात ‘Standing instructions’ किंवा ‘e-mandate’ या नावाखाली असतं. ते रद्द करण्याची ऑनलाइन सोय देणं बँकेवर बंधनकारक आहे आणि ग्राहकाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत.

इतकं करूनही पैसे गेलेच तर वेळ दवडू नये. गूगल प्लेवर खरेदीला ४८ तास व्हायच्या आत परताव्याची मागणी केली तर तो मिळण्याची शक्यता चांगली असते. ॲपलसाठी reportaproblem.apple.com या पत्त्यावर जाऊन कारण निवडून मागणी नोंदवता येते. मागणीत सरळ लिहावं की ट्रायल होती, नूतनीकरण करायचं नव्हतं, पैसे गेल्यानंतर सेवा वापरलेली नाही. हे शेवटचं वाक्य खरं असायला हवं. म्हणून पैसे कापल्याचं कळल्यावर ते ॲप उघडून ‘आता गेलेच आहेत तर वापरून घेऊ’ असं करू नका, त्याने परताव्याची बाजू कमकुवत होते. आणि परताव्याची वाट बघताना सबस्क्रिप्शन रद्द करायला विसरू नका. परतावा मिळाला म्हणजे पुढचं नूतनीकरण थांबलंच असं गृहीत धरू नये.

रद्द करण्याचा मार्गच सापडत नसेल, बटण काम करत नसेल किंवा कंपनी फोन करायला लावून टाळत असेल, तर ती केवळ गैरसोय नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार सांगितले आहेत आणि ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा त्यातला एक. रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणं, तो पर्याय लपवणं, सूचना संदिग्ध ठेवणं हे सगळं त्यात येतं. एवढंच नाही, फुकट सबस्क्रिप्शनसाठी ग्राहकाला पैशांचा तपशील किंवा ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं हेही त्याच व्याख्येत आहे. तरीही आज बहुतेक फ्री ट्रायल ऑटोपे दिल्याशिवाय सुरूच होत नाहीत. ही तफावत मला गंभीर वाटते, आणि तक्रारी नोंदल्या गेल्याशिवाय ती मिटणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५; मराठीत बोलता येतं. तक्रार करताना सुरुवातीचा ऑटोपेचा स्क्रीनशॉट, रद्द करतानाचा स्क्रीनशॉट आणि पैसे कापल्याचा मेसेज, एवढे तीन कागद जवळ असले की बोलणं सोपं होतं.

शेवटच्या दिवसापर्यंत लाभ घ्यायचा तर त्या दिवशी काय बंद होतं हेही माहीत हवं. संगीत आणि चित्रपटांच्या सेवांमधून फोनवर उतरवलेली गाणी, भाग, चित्रपट मुदत संपताच वाजेनासे होतात. ते आपल्या मालकीचे नसतात. डिझाइन किंवा व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम आदल्या दिवशीच साध्या फाइलमध्ये उतरवून घ्यावं, कारण नंतर ते उघडता येतं पण पूर्ण दर्जात बाहेर काढता येत नाही, असं बऱ्याच ठिकाणी असतं. ऑनलाइन साठवणीच्या ट्रायलचं प्रकरण सगळ्यात नाजूक. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट असते. ट्रायलमध्ये मिळालेल्या जादा जागेत लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ भरून ४० जीबी झाले आणि ट्रायल संपली, तर ते लगेच पुसले जात नाहीत, पण नवीन काही साठवता येत नाही आणि जीमेलवर येणारी पत्रंही थांबतात. दोन वर्षं खातं मर्यादेच्या वरच राहिलं तर साठवलेलं काढून टाकण्याचा अधिकार गूगल राखून ठेवतं. म्हणून अशी ट्रायल रद्द करताना शेवटच्या आठवड्यातला एक रविवार फोटो संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर उतरवण्यासाठी ठेवावा. ४० जीबी घरच्या इंटरनेटवरून उतरायला वेळ लागतो, आणि ते काम शेवटच्या रात्री होत नाही.